मुंबईत उजवीकडे वळू नका
(बापाची गाडी पहिल्यांदा शहरात नेणाऱ्यांसाठी आणि चावी देणाऱ्यांसाठी पत्रक)

सायवन, कासा, चारोटी, उधवा, तलासरी या पट्ट्यातल्या आईबापांना आणि नुकतंच लायसन हातात पडलेल्या मुलामुलींना,

मी पहिल्यांदा बाबांची गाडी घेऊन गोरेगावला निघाले तेव्हा बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि गाडी चालवणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. आदल्या रात्री मी वहीत वळणं लिहून काढत होते. काकांनी वही पाहिली आणि म्हणाले, "उजवीकडे वळायला घाबरते, ही कसली ड्रायव्हर?" अंगणातले सगळे हसले. हे पत्रक त्या हसण्याच्या विरोधात आहे. नव्या पोराने किंवा पोरीने वळसा घेतला की आपण त्याला भित्रेपणा म्हणतो आणि त्या नवख्याला भर वाहतुकीत आडवं घुसायला लावतो. हे थांबलं पाहिजे.

आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. डावीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही, उजवीकडे वळताना लागते. समोरून ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर कापते. थांबलेल्या गाडीने निघून समोरच्या दोन-तीन लेन पार करायला नवख्याला सहा सेकंद धरा. म्हणजे समोर ८०-८५ मीटर रस्ता रिकामा हवा. सायवनच्या रस्त्यावर एवढी मोकळी जागा दिवसभर मिळते. मुंबईत गर्दीच्या वेळी ती मिळतच नाही, म्हणून माणूस तीस-चाळीस मीटरमध्ये घुसायला बघतो. त्यातच क्लच घाईने सुटला की गाडी मधोमध बंद पडते आणि समोरून येणाऱ्यांसमोर आपलं बॉनेट नसतं, दरवाजा असतो.

याहून फसवी गोष्ट माझ्यासोबत घडली. जाताना एक फाटा चुकला आणि मी वहीबाहेरच्या एका सिग्नलला उजवीकडे वळायला थांबले. हिरवा दिवा होता, पण उजव्या बाणाचा नव्हता. समोरच्यांनाही तोच हिरवा होता. समोरच्या बसवाल्याने बस थांबवली आणि हाताने मला "जा" म्हणून खुणावलं. मी निघाले. बसच्या आडून, तिच्या बाजूच्या लेनमधून एक मोटारसायकल सुसाट आली. ब्रेक लागला, हातभर अंतर राहिलं. बसवाल्याची माणुसकी खरी होती, पण तो फक्त स्वतःची लेन देऊ शकत होता. शेजारची लेन त्याच्या हातात नव्हती आणि ती मला दिसतही नव्हती. शिवाय उजवीकडे वळताना काचेच्या उजव्या कडेचा खांब आपल्या डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. अख्खा मोटारसायकलस्वार त्याच्या आड लपतो. मान पुढे-मागे केली तरच तो दिसतो, आणि हे मला गाडी शिकताना कोणी सांगितलं नव्हतं. मोकळ्या मैदानावर आठचा आकडा काढून आणि गाडी मागे घेऊन हे कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: पहिल्या काही फेऱ्यांत बाणाचा दिवा नसलेलं उजवं वळण घ्यायचंच नाही. बाणाचा दिवा असेल आणि समोरचे लाल दिव्याला थांबलेले असतील, तर उजवीकडे जरूर वळा. दुभाजकातली फट, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर उजवीकडे निघणं आणि बाण नसलेला सिग्नल, एवढ्या तीन गोष्टी सोडून द्या.

त्यांच्या जागी काय करायचं ते आमच्या फेरीवरून सांगते. सायवनहून कासामार्गे चारोटीला आलात की मुंबईकडे डावीकडेच वळायचं असतं. तिथून मनोर, विरार फाटा, वर्सोवा पूल, दहिसर असा सरळ रस्ता. आम्हाला जायचं होतं ते हॉस्पिटल गोरेगावला हायवेच्या पूर्व अंगाला, म्हणजे जाताना डाव्या हाताला होतं. उड्डाणपूल यायच्या बऱ्याच आधी डावी लेन धरली की पुलावर न चढता खालून डावीकडे वळता येतं. खरी पंचाईत येताना होते, कारण उत्तरेकडे जाणारा रस्ता हायवेच्या पश्चिम अंगाला आहे. पुलाखालच्या सिग्नलला सरळ उजवीकडे वळावं असं वाटतं. मी वळले नाही. हिरव्या दिव्यावर पुलाखालून सरळ पश्चिमेकडे गेले, पुढे पहिली मोठी डावी घेतली, परत डावी घेतली, हायवेला आले आणि तिसरी डावी घेऊन दहिसरच्या दिशेला लागले. किलोमीटरभर जास्त आणि सहा-सात मिनिटं. एवढीच किंमत.

मोबाइलच्या नकाशात टोल टाळण्याची सोय आहे, उजवं वळण टाळण्याची नाही. म्हणून आदल्या दिवशी नकाशा मोठा करून बघा आणि आपल्या वळशावरचं एखादं ठिकाण मधला थांबा म्हणून टाका, मग नकाशा तुम्हाला तिकडूनच नेतो. गल्ली एकेरी आहे का, तेही आधीच बघून घ्या. फाटा चुकला तर गाडी मागे घेऊ नका, पुढचा फाटा येतोच. आणि डावं वळणही डोळे मिटून घ्यायचं नाही. रिक्षा आणि दुचाकी आपल्या डाव्या दरवाजाला खेटून पुढे घुसतात, तेव्हा डावा आरसा बघितल्याशिवाय चाक फिरवू नका. लाल दिव्यावर डावीकडे जायला मुभा असल्याचा फलक असेल तिथेच जा.

हा गावंढळपणा वाटत असेल तर हेही सांगते. अमेरिकेत वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे तिथलं घातक वळण डावं. यूपीएस ही पार्सल पोचवणारी मोठी कंपनी आपल्या गाड्यांचे मार्ग शक्यतो डावं वळण टाळूनच आखते. त्यांच्या मुरलेल्या ड्रायव्हरांना वळसा चालतो आणि आमच्या पोरांना तो घेतला म्हणून हसतात?

पार्किंगचंही तेच. दोन गाड्यांच्या मधे रस्त्याकडेला गाडी घुसवायला गाडीच्या दीडपट जागा हवी. आपल्याकडच्या लहान गाड्या साडेतीन-चार मीटरच्या, म्हणजे साधारण सहा मीटर. तेवढी जागा रस्त्यावर शोधत फिरणं म्हणजे मागच्यांचे हॉर्न खात चुका करणं. बाबांना मी आधी दारात उतरवलं, सोबत आईला ठेवलं आणि दहा मिनिटं चालण्याच्या अंतरावरच्या पे अँड पार्कच्या मैदानात गाडी लावली. सकाळी आठच्या आत पोचलात तर कडेची जागा मिळते, तिथे एका बाजूने कोणी खेटत नाही. गाडी आत जातानाच उलटी लावा. परत निघताना माणूस थकलेला असतो, तेव्हा सरळ बाहेर निघता आलं पाहिजे. तळघरातलं पार्किंग पहिल्या फेरीत नकोच. उतारावरचं अरुंद वळण आणि मागे लागलेली रांग नवख्याला झेपत नाही.

आईबापांना एक मागणं. गाडी तुमच्या नावावर आहे, लायसन नसलेल्याच्या हाती दिलीत तर कायदा तुम्हालाही धरतो. पण लायसन आहे एवढ्यावर चावी देऊ नका. आधी मुलाकडून किंवा मुलीकडून जाण्या-येण्याची वळणं कागदावर लिहून घ्या. गाडीत शेजारी बसलात तर "घुस, घुस, जागा आहे" म्हणू नका. तुम्हाला दिसलेली जागा चालवणाऱ्याच्या बाजूने दिसत नाही.

आणि येताना चारोटी. घर जवळ आलं की ढाब्यांसमोर दुभाजक फोडून केलेल्या फटीतून उजवीकडे आत शिरायचा मोह होतो. भरधाव येणारे ट्रक आणि गाड्या तिथे आडव्या गाडीला वाचवू शकत नाहीत. चारोटीला डावी लेन धरून खाली उतरा, पुलाखालून वळा आणि कासाचा रस्ता धरा. त्या रात्री बाबांच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी विचारलं, "फटीतून नाही वळलीस?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं तिथूनच वळत आलो." दुसऱ्या दिवशी माझी वही त्यांनी स्वतः काकांकडे नेऊन दिली.

— सायवनची एक मुलगी