कमोड घेण्याआधी टेप लावा

मोहन्यात या आठवड्यात एका ओळखीच्यांकडे बाथरूमचं काम निघालं, आणि दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, ‘एस की पी?’ उत्तर पाइप देतो. मैला वाहून नेणारा पाइप जमिनीतून वर आला असेल तर एस-ट्रॅप, मागच्या भिंतीतून बाहेर आला असेल तर पी-ट्रॅप. पी-ट्रॅपला तयार फरशीपासून पाइपच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची. ती साधारण १८० मिलिमीटर असते. एस-ट्रॅपला मागच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं, आणि खरी गफलत इथेच होते. मध्य डोळ्यांनी ठरवू नका. त्यांच्याकडे भिंतीपासून पाइपची जवळची कड १९५ आणि लांबची ३०५ मिलिमीटर भरली, म्हणजे मध्य २५० वर. पण भिंत अजून नुसत्या प्लास्टरची होती; टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून २५ जाणार. उरले २२५, म्हणजे नऊ इंची कमोड. त्याऐवजी बारा इंची आणला असता तर तो भिंतीत तीन इंच घुसवावा लागला असता, म्हणजे बसलाच नसता. उलट पाइप बारा इंचांवर आणि कमोड नऊ इंची असेल, तर टाकीमागे तीन इंचांची फट राहते. ‘वाकडा कनेक्टर लावून जमवतो’ असं कुणी म्हटलं तर माझं मत स्पष्ट आहे: नाही म्हणा. त्या वळणावर मैला अडकतो, तुंबतो. टाइल बसण्याआधी मोजलं असेल तर जाडी वजा करा, आणि आकडा कागदावर लिहूनच दुकानात जा.