रात्रीचा रेनकोट

पावसाळी रात्री बाइकवरून खंबाटकी घाट उतरायचा असेल, तर दुकानदार पुढ्यात टाकतो ते भडक पोपटी जाकीट लगेच घेऊ नका. तो फ्लोरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतो. हेडलाइटच्या उजेडात ते किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे रात्री तो साध्या फिक्या कापडासारखाच दिसतो. रात्री कामाची ती करडी रिफ्लेक्टिव्ह पट्टी, कारण तिच्यातले काचेचे बारीक मणी प्रकाश आला त्याच दिशेला, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे परत पाठवतात. पारख सोपी आहे. अंधारात दहा पावलांवरून मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. पट्टी पांढरी पेटलेली दिसली पाहिजे. फोटो पाठमोरा काढा, आणि तोही सॅक अडकवून, रेनकोट चढवून. बहुतेकांची महागडी पट्टी तिथेच गायब होते! मग पट्टी हवी ती सॅकवर, हेल्मेटच्या मागच्या बाजूला आणि बुटांच्या टाचेवर, कारण डिपरचा झोत आधी खालीच पडतो. चिखल बसला की चमक जाते, तेव्हा चहाला थांबाल तिथे फडकं मारा. हातमोज्यांचं गणित वेगळं. हात हँडलवर असताना बाहीवरचं पाणी मनगटाकडे ओघळतं. मोजा बाहीवरून ओढला की ते थेट आत शिरतं, म्हणून मोज्याचा काठ रेनकोटच्या बाहीखालीच हवा. जाड मोजे घेण्याआधी मात्र दुकानातच ते घालून इंडिकेटरचं बटण दाबून बघा.