लेकीचा हिस्सा : चोविसांत एक की सहांत एक?

(१) १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना मुलांबरोबरीचा वारसा मिळाला, असे आपण शिकत आलो. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. ते पारखायचे तर वाटणीचा हिशेब मांडावा लागतो. त्यासाठी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला एक दावा पाहू.

(२) खंडाप्पा मगदूम जून १९६०मध्ये निवर्तले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. १९६२मध्ये हिराबाईंनी वाटणीचा दावा लावला.

(३) मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राला जन्मतःच हक्क मिळे. असा हक्कदार म्हणजे सहदायाद. मुलगी सहदायाद नव्हती. १९५६च्या कायद्याने ही चौकट तशीच ठेवली आणि एका कल्पनेचा आधार घेतला : मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असे मानायचे, मृताचा हिस्सा ठरवायचा आणि तेवढाच सर्व वारसांत समान वाटायचा.

(४) आता हिशेब. काल्पनिक वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. वडिलांच्या त्या चौथ्या हिश्श्याचे सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकी चोविसावा हिस्सा. आई व प्रत्येक मुलगा यांच्याकडे चोविसांपैकी सात भाग आले. प्रत्येक मुलीकडे एक. सांगलीच्या न्यायालयाने हिराबाईंनाही एकच भाग दिला होता. उच्च न्यायालयाने सात दिले आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

(५) कायद्याने मुलीला वडिलांच्या मृत्यूनंतर मोजले, तिच्या जन्मापासून मोजले नाही. सातास एक हे प्रमाण तिथूनच आले. महाराष्ट्राने १९९४मध्ये मुलीला सहदायाद केले खरे, पण त्याआधी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ती अट ९ सप्टेंबर २००५पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीत नाही.

(६) हेच कुटुंब आज असते तर? काल्पनिक वाटणीत आईवडील आणि पाच अपत्ये, असे सात हिस्से. वडिलांच्या सातव्या हिश्श्याचे पुन्हा सहा भाग. बेरीज केली की आई, मुलगे, मुली, प्रत्येकाला बरोबर सहावा हिस्सा. मुलीचा वाटा चौपट झाला. आईचा मात्र चोविसांत सातावरून चारावर आला, हेही नोंदवायला हवे.

(७) २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही आणि काल्पनिक वाटणी ही खरी वाटणी नव्हे. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी पुन्हा उघडत नाही.

(८) म्हणून हक्क केव्हा मिळाला याचे उत्तर मी १९५६ असे देणार नाही. २००५ असे देईन. आणि तोही नोंदणीकृत हक्कसोडपत्रावरच्या एका सहीने जाऊ शकतो. भावाने पुढे केलेल्या त्या कागदावर सही करण्यापूर्वी बहिणीने निदान आपला हिस्सा किती, हे मांडून पाहावे.