रुपयाच्या आलेखावर नेत्यांची नावे चिकटवणाऱ्यांना

१/ रुपयाचा साप्ताहिक आलेख उघडायचा आणि प्रत्येक घसरणीला एका पंतप्रधानाचे नाव द्यायचे, याला इतिहास म्हणत नाहीत. २०१३ चेच पाहा.

२/ त्या मे महिन्यात अमेरिकेत व्याजदर जवळपास शून्य होता, तर आपला रेपो दर ७.२५ टक्के. स्वस्त डॉलर कर्जाऊ घ्यायचे, इथल्या रोख्यांत गुंतवायचे आणि व्याजातला फरक कमवायचा, हा कॅरी ट्रेड. रुपया वर्षात सात टक्क्यांहून कमी घसरला, तरच त्यात नफा.

३/ २२ मे रोजी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचा नुसता संकेत दिला आणि पैसा परत फिरला. ५५ च्या आसपासचा डॉलर जूनअखेरीस साठीला पोहोचला. वर्षभराचा नफा पाच आठवड्यांत बुडाला.

४/ जुलैत रिझर्व्ह बँकेने तातडीच्या कर्जाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. फरक वाढला, तरीही २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पार गेला. व्याजाचे आमिष शांत काळातच चालते.

५/ आमच्या सोलापुरातला टॉवेल निर्यातदार पुढल्या वर्षीचे डॉलर आजच विकतो, तेव्हा त्याला व्याजफरकाएवढा चढा दर मिळतो: त्या फरकाने ५५ ऐवजी सुमारे ५९. संथ उतार असा आधीच हिशेबात असतो, कडा नसतो.

६/ म्हणून जाब विचारायचाच, तर उताराचा नव्हे, कड्याचा विचारा: २०१२-१३ मध्ये चालू खात्यातली तूट जीडीपीच्या ४.८ टक्के होईपर्यंत आपण अशा पळपुट्या पैशावर का विसंबलो?