सोळाशे मीटर पळाल्याने शंभर मीटरची चपळाई मरते का?

अहमदपूरसारख्या गावात पहाटे मैदानावर गेलं की भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतातच. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे एकाच मांडीकडून आपण दोन उलट कामं मागतो. एकदा सुसाट सुटायचं आणि एकदा दम टिकवायचा. त्यामुळे मैदानावर एक समज पक्का बसलेला असतो. लांब पळलात तर चपळ स्नायू संथ होतात आणि शंभर मीटर हातचं जातं. या भीतीपोटी काही मुलं परीक्षेच्या तोंडावर सोळाशेचा सराव सोडून देतात आणि त्याच्या २० गुणांवर पाणी सोडतात. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

चपळ स्नायू आणि संथ स्नायू म्हणजे काय, हे आपल्या स्वयंपाकघरातच दिसतं. कोंबडीचा सीना पांढरा असतो आणि टांग लालसर. कोंबडी दिवसभर चालते, पण उडते क्वचित, तेही फडफड करून दोन क्षण. सीन्याच्या तंतूंना झटका द्यायचा असतो, टांगेच्या तंतूंना टिकाव धरायचा असतो. टांगेचा लाल रंग रक्ताचा नसतो. तो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो, जे स्नायूच्या आत प्राणवायू धरून ठेवतं. कबुतर लांबवर उडतं, म्हणून त्याचा सीनाही गडद असतो.

माणसात असे वेगवेगळे स्नायू नसतात. एकाच मांडीत दोन्ही प्रकारचे तंतू शेजारी शेजारी विणलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करतात. पहिला संथ. दुसरा ‘टू-ए’, जो चपळ असूनही बऱ्यापैकी टिकतो. तिसरा ‘टू-एक्स’, जो सगळ्यात चपळ पण लवकर थकतो. हे प्रकार ठरतात मायोसिन या प्रथिनावरून. तंतू आखडतो तो मायोसिनच्या बारीक हातांनी दोर ओढल्यासारखा. हे हात किती झपाट्याने ओढतात आणि सोडतात, त्यावर तंतूचा वेग ठरतो.

आता मूळ प्रश्न. चपळ तंतू संथ होऊ शकतो का? प्रयोगशाळेत होऊ शकतो, हे जुनं आहे. १९६० साली ऑस्ट्रेलियात जॉन एक्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग केला. चपळ स्नायूची नस कापून संथ स्नायूला जोडली आणि संथाची चपळाला. काही काळाने चपळ स्नायू संथ झाला आणि संथ स्नायू चपळपणाकडे झुकला. म्हणजे हुकूम नसेकडून येतो. पुढे १९६९ मध्ये सॅमन्स आणि वर्बोव्हा यांनी सशाच्या चपळ स्नायूच्या नसेला सेकंदाला दहा या मंद गतीने विजेचे ठोके आठवडेच्या आठवडे दिले. तोही स्नायू संथ झाला.

याचं कारण तंतूच्या आत आहे. नसेचा ठोका आला की तंतूत कॅल्शियम मोकळं होतं. चपळ नस थोडा वेळ जोरात बोलते आणि गप्प बसते. संथ नस हळू पण सतत बोलत राहते. सतत थोडं कॅल्शियम राहिलं की तंतूतल्या केंद्रकांना तो निरोप पोचतो आणि ते चपळ मायोसिनची कृती बंद करून संथाची सुरू करतात. तंतू तोच राहतो, त्याच्या आतला माल बदलतो. अर्ध्यावर असलेल्या तंतूत दोन्ही प्रकारचं मायोसिन एकत्र सापडतं.

पण ससा रात्रंदिवस ठोके खात होता. आपला मुलगा सकाळी तासभर पळतो, मग कॉलेजला जातो, बसतो, झोपतो. म्हणून माणसाचा हिशेब वेगळा निघतो. १९७३ मध्ये गोलनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा पुरुषांकडून पाच महिने सायकलवर कष्टाचा सराव करून घेतला, रोज एक तास, आठवड्यातून चार दिवस. आधी आणि नंतर मांडीचा छोटा तुकडा सुईने काढून पाहिला. संथ तंतूंचं प्रमाण जवळपास होतं तेवढंच राहिलं. पण प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली.

मैदानावर सोळाशेचा दम वाढतो तो मुख्यतः असाच. आठवीच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात, त्या तंतूच्या आत वाढतात, चपळ तंतूंतही. भोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. मायोसिन चपळच राहून तंतू टिकाऊ होऊ शकतो, हीच गोष्ट त्या मैदानावरच्या गप्पांत सुटते. वेग ठरवणारं यंत्र वेगळं आणि दम ठरवणारं वेगळं. दोन्ही एकाच तंतूत राहतात, पण एक बदललं म्हणून दुसरं बदललंच असं नाही.

मायोसिनमध्ये एक बदल मात्र माणसात खात्रीने होतो. टू-एक्स कमी होऊन टू-ए वाढतं. गंमत अशी की हे फक्त लांब पळण्याने होत नाही, जड वजन उचलल्यानेही होतं. डेन्मार्कच्या अँडरसन आणि आगार्ड यांनी २००० साली छापलेल्या प्रयोगात बैठं जीवन जगणाऱ्या तरुणांकडून तीन महिने जड वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या मांडीतलं टू-एक्स मायोसिन सुमारे नऊ टक्क्यांवरून दोनवर आलं. मग तीन महिने व्यायाम पूर्ण बंद. टू-एक्स परत आलं आणि सतरा टक्क्यांपर्यंत गेलं, सुरुवातीपेक्षाही जास्त. म्हणजे सगळ्यात चपळ प्रकार जास्त सापडतो तो आराम करणाऱ्यांत. पण व्यायाम सोडून बसलेल्याला कुणी धावपटू म्हणत नाही, कारण तोपर्यंत स्नायू बारीकही झालेला असतो.

राहिला खऱ्या संथ तंतूचा प्रश्न. वर्षानुवर्षांच्या सरावाने तो वाढू शकतो असं मानायला जागा आहे. अमेरिकेत एकसारख्या जुळ्या भावांची एक जोडी तपासली गेली. एकजण तीस वर्षं लांब अंतराचा सराव करत आलेला, दुसरा नाही. पहिल्याच्या मांडीत संथ तंतू नव्वद टक्क्यांहून अधिक निघाले, दुसऱ्याच्या चाळीसच्या आसपास. ही एकच जोडी आहे, तीवरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. शिवाय तो तीस वर्षांचा हिशेब आहे, भरतीच्या सहा महिन्यांचा नव्हे.

मग सोळाशेच्या तयारीत शंभर मीटरचा वेळ खरोखर वाढतो तो कशाने? बहुतेक वेळा पूर्ण वेगाने पळणंच बंद झालेलं असतं, किंवा पाय आदल्या दिवशीच्या फेऱ्यांनी थकलेले असतात. हे तपासणं सोपं आहे. मुलाला दोन दिवस हलकं पळू द्या, मग नीट अंग गरम करून शंभर मीटरची वेळ घ्या. वेळ परत आली तर थकवा होता, तंतू बिघडलेला नव्हता. नाही आली, तर आठवड्यात दोनदा सोळाशेच्या आधी, पाय ताजे असताना, तीस ते साठ मीटरच्या चार-पाच झटपट धावा घाला. मधे दोन-तीन मिनिटं पूर्ण विसावा हवा. धापा टाकत मारलेली धाव वेगाची राहत नाही.

दमाची खूण वेगळी. ४०० मीटरच्या मैदानावर सोळाशे म्हणजे चार फेऱ्या. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहा. पहिल्या महिन्यात चौथी फेरी पहिलीपेक्षा पुष्कळ मागे पडते. सहा ते आठ आठवड्यांत हे अंतर कमी झालं तर आतल्या तंतुकणिका वाढत आहेत असं समजायला हरकत नाही. त्यांच्या प्रथिनांची झीज मात्र लवकर होते, साधारण आठवड्याभरात निम्मी. त्यामुळे रमजान किंवा परीक्षेत सराव कमी करावा लागला तरी पूर्ण बंद करू नका. मगरिबनंतर थोडं खाऊन-पिऊन, तासाभराने दोन-चार फेऱ्या मारल्या तरी बरंच टिकतं.