विश्लेषण : सोने टिकले, मग पॅलेडियम का कोसळले?

मार्च २०२२ मध्ये एक औंस, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम पॅलेडियमचा दर ३,४०० डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा सोने दोन हजार डॉलरच्या आसपास होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅलेडियम एक हजार डॉलरखाली घसरले, सोने मात्र दोन हजारांच्या आसपासच राहिले. दोन्ही मौल्यवान धातू, तरीही वाटा इतक्या वेगळ्या का?

पॅलेडियम नेमके लागते कुठे?
जवळपास ८० टक्के मागणी वाहन उद्योगाची आहे. पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये त्याचा पातळ थर असतो. तो धुरातील विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करतो. डिझेल गाड्यांत हे काम प्रामुख्याने प्लॅटिनम करते.

दर इतका चढला कसा?
सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघड झाला. त्यानंतर युरोपातील ग्राहक पेट्रोल गाड्यांकडे वळले. प्लॅटिनमची मागणी घटली, पॅलेडियमची वाढली आणि २०१७ मध्ये पॅलेडियमने प्लॅटिनमला मागे टाकले. पुढे प्रदूषणाचे निकष कडक झाले. भारतातही एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले.

पुरवठा मात्र वाढेना. खाणींतून निघणाऱ्या पॅलेडियमपैकी सुमारे ४० टक्के रशियातून येते आणि तेही मुख्यतः निकेल-तांब्याच्या खाणीतील उपउत्पादन म्हणून. केवळ पॅलेडियम महागले म्हणून निकेलचे उत्खनन वाढत नाही. त्यात युक्रेन युद्धाची भर पडली. एका गाडीत हा धातू काही ग्रॅमच लागतो. तेवढ्यासाठी कारखाना बंद ठेवण्यापेक्षा कंपन्या मागेल ती किंमत मोजतात.

मग घसरण का झाली?
तेव्हा महाग असलेल्या पॅलेडियमच्या जागी काही प्रमाणात त्यावेळी स्वस्त असलेले प्लॅटिनम वापरता येत होते. पण त्यासाठी कन्व्हर्टरची नवी रचना करून चाचण्या घ्याव्या लागतात आणि त्यात काही वर्षे जातात. म्हणूनच दर आधी भडकला आणि बदल पूर्ण होत गेले तशी मागणी ओसरली. शिवाय इलेक्ट्रिक गाडीला धूरच नसतो, त्यामुळे कन्व्हर्टरही लागत नाही.

सोन्याचे असे का होत नाही?
आजवर खणलेले सुमारे दोन लाख टन सोने बहुतांशी दागिने, बिस्किटे आणि मध्यवर्ती बँकांच्या साठ्यांत शिल्लक आहे. उद्योगांचा वाटा एकूण मागणीच्या दहा टक्क्यांहून कमी आहे. त्यामुळे एखादा कारखाना थांबला किंवा तंत्रज्ञान बदलले, तरी सोन्याला फारसा फरक पडत नाही.

मंदीच्या भीतीने गुंतवणूकदार सोन्याकडे वळतात. त्याच भीतीने ग्राहक गाडीची खरेदी पुढे ढकलतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या धास्तीने सोनेही काहीसे घसरले, पण १,४५० डॉलरच्या वर टिकले. प्लॅटिनम सहाशे डॉलरखाली गेले होते.