टेबलाची दुसरी बाजू

बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यापाशी कर्जाच्या अर्जातले हिशेब वाचण्याची एक नजर उरलेली असते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेने या नजरेला काम दिले. लघुउद्योजकाचा प्रकल्प अहवाल तयार करून बँकेपर्यंत पोहोचवणाऱ्या ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’स योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर कर्जप्रकरणामागे २० हजार रुपये मिळतात. निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे परवाने, नोंदणी, प्रशिक्षण व उभारणी पूर्ण झाल्यावर.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे भाताचे तालुके. तेव्हा भातगिरणीचेच उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. समजा, वेल्ह्याच्या एका तरुणाने १० लाखांचा प्रकल्प आणला: ५ लाखांची यंत्रे, ३ लाखांची शेड, २ लाखांचे पॅकिंग यंत्र. स्वतःचे १ लाख, कर्ज ९ लाख. तासाला ३०० किलो भात भरडणारी गिरणी वर्षाचे ३०० दिवस, रोज ८ तास चालेल असे त्याच्या अहवालात लिहिलेले असते. किलोला २ रुपये भरडाई धरली, तर उत्पन्न १४ लाखांच्या पुढे जाते. कागद देखणा दिसतो.

मुरलेला अधिकारी येथेच थांबतो. भात निघते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ऐन पावसाळ्यात गिरणीला काम कुठले? १०० दिवस आणि रोज ५ तास धरले, तर भरडाई होते ३ लाख. वीज, मजुरी, दुरुस्तीचे १ लाख वजा जाता उरतात २ लाख. ९ लाखांचे कर्ज पाच वर्षांत १० टक्क्यांनी फेडायचे, तर वर्षाला सुमारे २ लाख ३० हजार लागतात. म्हणजे पहिल्याच वर्षी खाते थकणार.

अनुदान ३५ टक्के आहे खरे, पण ते हाती येत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यानंतर तीन वर्षे खाते नियमित आणि उद्योग चालू राहिला, तरच ते कर्जखात्यात जमा होते. अनुदानावर डोळा ठेवून प्रकल्प फुगवणाऱ्यांना हे उशिरा कळते.

मग सल्ला काय? शेड आणि पॅकिंग यंत्र वगळावे, घराची पडवी वापरावी. कर्ज साडेचार लाख, वार्षिक परतफेड सुमारे १ लाख १५ हजार. तेच २ लाख आता पुरून उरतात. हप्तेही दरमहा समान न मागता, हंगामात मोठे आणि पावसाळ्यात फक्त व्याजाचे, असे मागावेत. शाखाधिकाऱ्यापुढे ही मागणी कोणत्या शब्दांत मांडावी, हे त्याच खुर्चीत बसलेल्यालाच चांगले ठाऊक असते.

अडचण निराळीच आहे. मानधन मंजुरीवर अवलंबून असते. गावात आधीच दोन गिरण्या अर्धवेळ बंद असतील, तर ‘हे कर्ज काढू नकोस’ हाच योग्य सल्ला. आणि त्याचे सल्लागाराला काहीच मिळत नाही. बँकेत असताना नकार देऊनही पगार मिळत असे. माझ्या मते, ज्याचे घर पेन्शनवर चालते त्यानेच या कामात पडावे.